चष्म्याचा ओशटपणा: आधी नोजपॅड, मग काच

प्रश्न: मी दिवसातून चार-पाच वेळा चष्मा पुसते, तरी अर्ध्या तासात काचा पुन्हा धूसर होतात. नोजपॅडच्या मागे हिरवट काहीतरी साचलंय. आधीच्या चष्म्याचं अँटी-ग्लेअर कोटिंग पुसून पुसूनच गेलं असं दुकानात म्हणाले. नवीन चष्म्याचं तसं होऊ द्यायचं नाहीये. काचा आणि नोजपॅड नेमके कसे साफ करायचे?

उत्तर:

पुढच्या वेळी काच धूसर झाली की ती पुसू नका. चष्मा काढा, ट्यूबलाइटखाली तिरपा धरा आणि दिव्याचं प्रतिबिंब काचेवरून हळूहळू सरकवा. डाग कुठे आहे ते नीट पाहा, कारण डागाची जागाच तो कुठून आला ते सांगते. काचेच्या बाहेरच्या कडेला गोलसर ठसे असतील तर ते बोटांचे. आतल्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात बारीक आडवे-तिरपे फटकारे असतील तर ते पापण्यांचे, म्हणजे भिंग डोळ्याच्या फार जवळ आहे आणि पापणी प्रत्येक उघडझापीत त्याला थोडं तेल लावतेय. पूर्ण काचेवर एकसारखं धुकं असेल आणि त्यात पुसल्याच्या दिशेने रेघा दिसत असतील तर दोष कापडाचा. आणि नाकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ओशट पट्टा दिसत असेल तर तो नोजपॅडवरून आलेला.

तुम्ही लिहिलेली दोन लक्षणं, लगेच परतणारा धूसरपणा आणि पॅडमागचा हिरवा मळ, एकत्र पाहिली तर मला शेवटच्या दोन कारणांचा संशय येतो. नाकाच्या त्वचेत तेलग्रंथी दाटीने असतात. पॅड दिवसभर तिथेच टेकलेले, त्यामुळे त्यांच्या मागे घाम, त्वचेचं तेल, मेलेल्या त्वचेचा भुगा आणि क्रीम यांचा साठा होतो. काच पुसताना कापडाची कड त्या साठ्याला लागते आणि तेच तेल काचभर पसरतं. पुढच्या वेळी पुसायला तेच कापड. काच कितीही वेळा पुसली तरी साठा जागेवरच राहतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की धुवायची सुरुवात पॅडपासून करा, भिंग त्यानंतर, आणि कापडाला फक्त पाणी टिपायचं काम द्या.

कोटिंग कशाने जातं तेही एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळेल. आज बहुतेक चष्म्यांची काच ही काच नसून प्लास्टिक असतं. त्या मऊ प्लास्टिकवर काही मायक्रॉन जाडीचा कडक लाखेसारखा थर, त्याच्यावर अँटी-ग्लेअरचे ऑक्साइडचे अनेक पातळ थर आणि सगळ्यात वर पाणी व तेल झटकणारा एक थर असतो. अँटी-ग्लेअरचे सगळे थर मिळूनसुद्धा साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आत बसतात. वरचा निसरडा थर तर काही नॅनोमीटरचाच. डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे सगळं किती नाजूक आहे याचा अंदाज येईल.

आता दुसरी बाजू. त्वचेचं तेल या थरांना ओरखडा पाडू शकत नाही, ते द्रवच आहे. ओरखडा पाडते ती धूळ. साध्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे, बारीक कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या काचेवर हे कण तेलात चिकटून बसतात. त्यावर तुम्ही अंगठ्याने दाबून कापड फिरवलं की प्रत्येक कण लेखणीसारखा ओढला जातो. जुन्या चष्म्यांवर मला जे चरे दिसतात ते बहुतेक वेळा काचेच्या मधोमध आणि कमानीसारखे वळलेले असतात, कारण अंगठ्याचा दाब तिथेच पडतो आणि हात गोल फिरतो. पडल्यामुळे आलेला चरा वेगळा दिसतो: एकटा, खोल आणि बहुधा कडेजवळ. तुमचा जुना चष्मा घरात असेल तर तो दिव्यात पाहा. कमानी दिसल्या तर कोटिंग कोरडं पुसल्याने गेलं.

अँटी-ग्लेअरची काच साध्या काचेपेक्षा लवकर मळते असं पुष्कळ जण म्हणतात. मळ तेवढाच बसतो, तो दिसतो जास्त. साध्या प्लास्टिक भिंगाचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. कोटिंग केलेला एक टक्क्याहूनही कमी. तेलाचा थर बसला की त्या जागी कोटिंगचं काम बिघडतं आणि तेवढाच भाग उजळ चमकतो. शांत पृष्ठभागावर एकच चमकणारा पट्टा डोळ्यांना खुपतो. त्यामुळे लोक जास्त वेळा आणि जास्त जोर लावून पुसतात, आणि नेमकं तेच कोटिंगला भोवतं.

आता धुण्याकडे येऊ. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

आधी स्वतःचे हात धुवा आणि हातांवर क्रीम उरू देऊ नका. सिंकमध्ये खाली एखादा मऊ नॅपकिन पसरा, निसटला तर चष्मा कडक पृष्ठभागावर आपटणार नाही. मग नळाची बारीक धार सोडून चष्मा दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेकंद धुवा. या वेळी काचेला बोट लावायचं नाही. या पहिल्या पाण्याने सुटी धूळ आणि वाळलेल्या घामाचं मीठ निघून जातं. घाई असली तरी ही पायरी वगळू नका. साबण विसरलात तर डाग राहील, पण हे पाणी विसरलात तर चरा राहील. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट असावं. गरम नको, त्याचं कारण पुढे देतो.

मग साबण. भांड्यांचा साधा द्रव साबण, एक थेंब, बोटाच्या टोकावर. त्वचेच्या तेलाला पाणी एकटं सोडवू शकत नाही. साबण तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात तरंगत ठेवतो, मग ते वाहून जातात. साबण निवडताना बाटली वाचा. हात मऊ ठेवणारा, कोरफड किंवा लोशन घातलेला असेल तर तो नको, कारण जे हातावर मागे राहतं तेच काचेवरही राहतं आणि धुऊनसुद्धा धुकं दिसतं. अंगाच्या साबणाची वडी याच कारणाने नको. शिवाय पाणी जड असेल तर वडीचा साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरा चिकट थर सोडतो. भांड्यांची पावडर आणि वडी तर काचेजवळ आणूच नका, त्यात घासणारी पूड असते.

साबण लावताना पहिला मान पॅडचा. लहान मुलांचा अगदी मऊ टूथब्रश घ्या आणि तो याच कामासाठी वेगळा ठेवा. तो ओला करून त्यावर साबणाचा थेंब घ्या. धातूच्या फ्रेममध्ये पॅड एका बारीक वाकड्या तारेवर बसलेला असतो, आम्ही तिला पॅड-आर्म म्हणतो. एका हाताच्या बोटाने त्या तारेला मागून आधार द्या आणि ब्रश पॅडच्या पुढून, मागून आणि तार जिथे पॅडला जोडते त्या खाचेतून हलकेच फिरवा. आधार द्यायला सांगतो कारण तार सहज वाकते. एक तार मिलिमीटरभर जरी वाकली तरी चष्मा एका बाजूला झुकतो, मग पॅड नाकाला टोचतो आणि भिंगाचा मध्य बुबुळासमोरून सरकतो. ब्रशची टोकं काचेला लागू देऊ नका. केस मऊ असले तरी त्यांच्यात खाचेतली किरकिर अडकलेली असते. जागा अरुंद असेल तर ब्रशऐवजी ओला कापसाचा बोळा लावलेली काडी वापरा. खाचेतला जुना घट्ट मळ लाकडी टूथपिकच्या टोकाने सुटतो. सुई किंवा टाचणी नको. ती पॅडला भोक पाडते, फ्रेमचा मुलामा खरवडते, आणि निसटली तर थेट काचेवर जाते.

मळ फारच घट्ट असेल तर घासाघाशी करू नका. वाटीत कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घेऊन चष्मा पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग ब्रश लावा. कडक झालेला मळ फुगून मऊ होतो आणि हलक्या हाताने निघतो. लाकडाची किंवा चामडं जोडलेली फ्रेम असेल तर मात्र ती बुडवायची नाही.

हिरवट थराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तो पाहून माणसं घाबरतात. पॅडची तार आणि पॅडच्या आत बसवलेली धातूची छोटी पट्टी बऱ्याचदा तांबं असलेल्या मिश्रधातूची असते. वरचा मुलामा झिजला की घाम आणि त्वचेच्या तेलातली आम्लं तांब्याला भिडतात आणि तांब्याचे हिरवे क्षार तयार होतात. पितळेच्या भांड्यावर चढणारा कळंक याच जातीचा. तो बुरशी नाही आणि संसर्गही नाही. मात्र तो त्वचेला लागत राहू देऊ नये. साबणाच्या पाण्याने वरचा थर जातो, पण पॅड पारदर्शक असेल आणि हिरवेपणा त्याच्या आत, धातूच्या पट्टीभोवती दिसत असेल तर तो बाहेरून धुऊन जाणार नाही. तिथे पॅड बदलणं हाच उपाय. पिवळ्या पडलेल्या सिलिकॉन पॅडचंही तेच. तेल आत मुरलेलं असतं. घासून तो पांढरा होत नाही, फक्त खरखरीत होतो, आणि खरखरीत पॅडवर मळ दुप्पट वेगाने बसतो. व्हिनेगर, लिंबू किंवा खायचा सोडा लावून कळंक काढायचे उपाय लोक करतात. मी तसं करू देत नाही. आम्ल वाहून काचेच्या कडेशी कोटिंगखाली शिरू शकतं आणि सोड्याची पूड घासते.

नाकावर पॅडच्या जागी लाली, खाज किंवा पुरळ असेल तर तो केवळ मळाचा प्रश्न असेलच असं नाही. मुलामा झिजल्यावर धातूतलं निकेल त्वचेला लागतं आणि काहींना त्याची अॅलर्जी असते. पॅड बदलूनही लाली आठवडाभरात उतरली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि फ्रेम कोणत्या धातूची आहे ते सांगा.

पॅड झाले की बोटं विसळा, साबणाचा नवा थेंब घ्या आणि मग काचांना हात लावा. बोटाच्या मऊ टोकाने, नख न लावता, दोन्ही बाजू चोळा. काच ओली आणि निसरडी असली पाहिजे. बोट अडखळलं तर थांबा आणि पाणी घाला. जी काच धुताय त्याच बाजूची फ्रेम चिमटीत धरा. उजवी काच धुताना डावी काडी धरली की सगळा जोर नाकावरच्या पुलावर जातो आणि फ्रेम हळूहळू पिळली जाते. रिमलेस चष्मा असेल तर भिंगाच्याच कडा धरा, तिथे स्क्रूच्या भोकांपासून तडा जाण्याची भीती असते. काच जिथे फ्रेमच्या खाचेत बसते त्या कडेवरून बोट एकदा पूर्ण फिरवा, विशेषतः नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात. कानामागचा काड्यांचा भागही या वेळीच धुवा, तिथलं तेल हाताला लागून पुन्हा काचेवर येतं.

यानंतर भरपूर पाण्याने खळबळून काढा आणि पाणी कसं वागतंय ते पाहा. वरचा निसरडा थर शाबूत असेल आणि काच खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचे गोल थेंब होतात आणि चष्मा तिरपा केला की ते घरंगळून पडतात. एखाद्या जागी पाणी पसरून चिकटून राहिलं तर तिथे तेल किंवा साबण उरलाय. तेवढाच भाग पुन्हा धुवा. सगळ्या काचेवरच पाणी पसरत असेल आणि दोनदा धुऊनही थेंब होत नसतील, तर वरचा थर झिजला आहे. ते घरी दुरुस्त होत नाही. अशा काचेवर ठसे जास्त चिकटतात, त्यामुळे ती वारंवार धुवावी लागते, एवढंच.

चष्मा दोन-तीनदा हलकेच झटका, बहुतेक पाणी उडून जाईल. उरलेले थेंब मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने टिपा. कापड काचेवर टेकवायचं, क्षणभर ठेवायचं, उचलायचं. टिपून झाल्यावर जी बारीक ओल राहते तेवढ्यापुरतं हलक्या हाताने पुसायला हरकत नाही, कारण आता काचेवर धूळ नाही. पाणी आपोआप वाळू देऊ नका. जड पाण्याचा थेंब वाळला की क्षारांचा पांढरा गोल डाग राहतो, आणि तो कोरडा खरवडला की पुन्हा चऱ्याची पाळी. तसा डाग पडलाच तर काच परत ओली करून थोडा वेळ ठेवा आणि धुवा. सगळ्यात शेवटी पॅडच्या मागची जागा कापडाच्या दुसऱ्या टोकाने कोरडी करा. तिथे पाणी साचलं तर स्क्रू गंजतो आणि कळंकही लवकर येतो.

कापडाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या धूसर काचांच्या तक्रारींत कापडाचा वाटा खूप मोठा असतो. एक प्रसंग सांगतो. पन्नाशीतले एक गृहस्थ आठ महिन्यांपूर्वी केलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा घेऊन आले. तक्रार अशी की सकाळी वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येतं, दुपारपर्यंत अक्षरं पसरतात, म्हणजे नंबर बदलला असणार. नंबर तपासला, तो जसाच्या तसा होता. मग चष्मा दिव्यात धरला. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला, नाकाकडच्या खालच्या भागात, ओशट पट्टा. प्रोग्रेसिव्ह भिंगात वाचायचा भाग नेमका तिथेच असतो, खाली आणि जरा नाकाकडे, कारण वाचताना डोळे खाली आणि आत वळतात. पॅडवरचं तेल पहिल्यांदा उतरतं ते त्याच जागेवर. दूरचं त्यांना स्वच्छ दिसत होतं, म्हणून त्यांना काच मळकी असल्याचा संशयच आला नाही.

मी चष्मा वर सांगितला तसा धुतला आणि त्यांच्या हातात दिला. वाचता आलं. मग मुद्दाम त्यांचंच कापड मागून घेतलं आणि एका काचेवर फिरवलं. दिव्यात धरलं तर लगेच धुकं, पुसल्याच्या दिशेने रेघा. विचारल्यावर कळलं की कापड दर आठवड्याला इमानाने मशीनमध्ये धुतलं जायचं, पण बाकीच्या कपड्यांसोबत आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालून. सॉफ्टनरचं कामच धाग्यांवर मऊ मेणकट थर चढवायचं आहे. मायक्रोफायबरच्या चिरलेल्या बारीक तंतूंमध्ये तेल धरून ठेवायला जागा असते; सॉफ्टनरने ती जागा आधीच भरून टाकली, वर आपला थर काचेला दिला. टॉवेलचे सुती तंतूही त्यात अडकले होते. पॅड काढून पाहिले तर आत हिरवा कळंक, म्हणून पॅडची जोडी बदलली. उजवी पॅड-आर्म आत वाकलेली होती, कारण ते चष्मा काडीला धरून जोराने पुसत. ती सरळ केल्यावर चष्मा पातळीत बसला. मधल्या भागात कमानीसारखे बारीक चरे होते, ते मात्र तसेच राहिले. चरा म्हणजे निघून गेलेला थर. तो परत भरता येत नाही. टूथपेस्टने चरे जातात असं सांगणारे भेटतात. टूथपेस्टमधली पूड चऱ्याच्या आजूबाजूचं कोटिंगही घासून काढते आणि एका रेघेच्या जागी चमकणारा ढब्बू डाग उरतो.

म्हणून कापड हाताने धुवा: थोडा द्रव साबण, साधं पाणी, भरपूर खळबळणं, आणि सावलीत वाळवणं. सॉफ्टनर नाही, इस्त्री नाही. दोन-तीन कापडं आलटून पालटून वापरा आणि वापरात नसलेलं बंद पिशवीत ठेवा, कारण उघड्या पर्समधल्या कापडात धूळ बसते आणि मग तेच कापड चरे पाडतं. कापड अजून चांगलं आहे का हे कळायला नुकत्याच धुतलेल्या काचेवर ते एकदा फिरवा आणि काचेवर हलकेच तोंडाची वाफ सोडा. वाफ एकसारखी विरली तर ठीक. रेघांच्या आकारात विरली तर कापड तेलकट आहे. दोनदा धुऊनही रेघा राहिल्या तर ते टाकून द्या. साडीचा पदर, शर्टाचं टोक, कागदी रुमाल यांच्याविषयी माझं मत कडक आहे: कोरड्या काचेवर नाहीच. कागदी रुमालात लाकडाचे खरखरीत तंतू असतात आणि अंगावरच्या कपड्यात दिवसभराची धूळ.

बाहेर असताना पाणी मिळत नाही तेव्हा भिंगासाठी बनवलेला स्प्रे वापरा आणि सढळ हाताने मारा. काच ओघळेल इतका मारून पहिला थर झटकून टाका, म्हणजे धूळ त्याच्याबरोबर जाते. पुन्हा मारा आणि मग टिपा. एकच फवारा मारून पुसणं हे जवळजवळ कोरडं पुसण्यासारखंच आहे. ओले वाइप मिळतात, ते भिंगासाठीच बनवलेले असतील तर चालतात, पण आधी काचेवरची धूळ फुंकून उडवा आणि वाइप सुकत आला की थांबा. हँड सॅनिटायझर लावू नका. त्यातलं ग्लिसरीन काचेवर थर सोडतं आणि तीव्र अल्कोहोलने अॅसिटेट या प्लास्टिकची फ्रेम पांढरट, निस्तेज पडू शकते. खिडक्यांचा अमोनियावाला क्लीनर, नेलपेंट काढायचं अॅसिटोन आणि थिनर यांचं तर नावच काढू नका. अॅसिटोनने अॅसिटेटची फ्रेम विरघळते आणि पॉलिकार्बोनेटचं भिंग कायमचं धूसर होतं.

गरम पाण्याचं कारण सांगायचं राहिलं होतं. उष्णतेने प्लास्टिक पुष्कळ फुगतं, वरचे ऑक्साइडचे थर जवळजवळ फुगत नाहीत. ताण सहन झाला नाही की कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. हे लोक हमखास मळ समजतात आणि जोराने घासत बसतात. फरक ओळखणं सोपं आहे: मळ काच ओली केल्यावर हलतो किंवा आकार बदलतो, जाळी ओल्या काचेतही त्याच जागी तशीच दिसते, आणि ती समोरच्या दिव्याकडे पाहताना जास्त उठून येते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा, शेगडीच्या तोंडाशी वाकून स्वयंपाक, कढत पाण्याखाली धुणं, हेअर ड्रायरने वाळवणं, ही त्याची नेहमीची कारणं. तुमच्या जुन्या चष्म्यावर कमानींऐवजी अशी जाळी दिसली तर कोटिंग पुसण्याने गेलं नव्हतं, उष्णतेने गेलं होतं, आणि नव्या चष्म्याला जपण्याची जागा वेगळी आहे.

किती वेळा धुवायचं? दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, कारण त्या दिवसाचं तेल अजून मऊ असतं आणि रात्रभर पॅडच्या धातूवर बसून राहत नाही. घाम खूप आला किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर घरी आल्यावर लगेच. पॅडना ब्रश मात्र आठवड्यातून एकदा पुरे; रोज घासलं तर तार आणि स्क्रू सैल होतात. तुमची फ्रेम जाड अॅसिटेटची, पॅड फ्रेमचाच भाग असलेली असती तर तारेची काळजी नसती. पण हिरवटपणा लिहिलात म्हणजे धातूचीच असणार.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. आज चष्मा भिजवून पॅड साफ करा, काचा धुवा, आणि टिपण्यासाठी हातात असलेलं जुनं कापड न घेता नवीन किंवा हाताने नीट धुतलेलं घ्या. मग अर्ध्या तासाने काच पुन्हा दिव्यात पाहा. नाकाकडच्या कोपऱ्यातच डाग परत आला तर पॅड मुरलेले आहेत. दुकानात जाऊन ते बदलून घ्या आणि नवे आधीच्याच आकाराचे, आधीच्याच पद्धतीने बसणारे आहेत ना ते विचारा, कारण काही पॅड स्क्रूने बसतात आणि काही दाबून. मोठा किंवा जाड पॅड बसवला तर चष्म्याची उंची बदलते. डाग आतल्या बाजूला वर परत आला तर पापण्या लागतायत. तेव्हा दोन्ही पॅड किंचित एकमेकांजवळ आणून चष्मा डोळ्यापासून थोडा लांब बसवून घ्या. हे घरी पकडीने करू नका, तार पहिल्या वाकवण्यातच तुटू शकते. आणि धुतल्यावर तासन्‌तास काच स्वच्छ राहिली, तर पॅड तूर्त ठीक आहेत आणि जुनं कापड फेकायला हरकत नाही.